वीस चिठ्ठ्यांची विहीर

चि. सायली,



तुझी स्लाइडची यादी आणि मजकूर मिळाला. लिंबच्या बारामोटेच्या विहिरीवर पेचा कुचा करायचं ठरवलंस हे उत्तम. पण यादीत पहिली स्लाइड शीर्षकाची, दुसरी 'माझी ओळख' आणि विसावी 'धन्यवाद' आहे. म्हणजे ४०० सेकंदांपैकी ६० सेकंद पडद्यावर विहीरच नाही. तुझं नाव आणि विषय निवेदक सांगेल. धन्यवाद तू तोंडाने म्हण, त्याला चित्र लागत नाही. या तिन्ही काढून टाक आणि पहिल्या स्लाइडपासूनच विहीर दाखव.

पेचा कुचा हा प्रकार अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोन वास्तुविशारदांनी २००३ च्या फेब्रुवारीत टोकियोत सुरू केला. आपल्या व्यवसायातल्या माणसाच्या हातात माइक आणि रिमोट एकदम दिले की तो थांबत नाही, हे त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनी रिमोटच काढून घेतला. स्लाइड वीसच, आणि प्रत्येक वीस सेकंदांनी आपोआप सरकते, बोलणाऱ्याचं वाक्य संपलेलं असो वा नसो. वेळ वीसच्या पटीतच खर्च करता येतो: एखाद्या मुद्द्याला वीस, नाहीतर चाळीस, नाहीतर साठ सेकंद. पंचवीस सेकंद मिळत नाहीत. आखणी करायची ती याच हिशेबाने.

कॉम्प्युटर उघडू नकोस. एका स्लाइडला एक अशा वीस चिठ्ठ्या घे आणि जमिनीवर मांड. पण त्याआधी एका वेगळ्या कागदावर एकच वाक्य लिही: ऐकणाऱ्याने घरी काय न्यायचं? तुझ्या यादीवरून मला वाटतं ते असं असावं: 'लोक ही विहीर तिच्यातल्या महालासाठी बघायला जातात, मला ती पाणी वर काढायचं यंत्र म्हणून दाखवायची आहे.' पटत नसेल तर बदल, पण एकच ठेव. कारण चिठ्ठ्या कशाला किती द्यायच्या ते याच वाक्यावर ठरणार आहे. महालाला तू पाच स्लाइड दिल्यास, हत्ती-शरभांच्या शिल्पांना तीन, आणि मोटेला एक! यंत्राचं व्याख्यान असेल तर हे गणित उलटं व्हायला हवं.

मी असं वाटप केलं असतं. १ ते ३ मध्ये विहीर कुठे आहे आणि कशी दिसते: साताऱ्याजवळचं लिंब गाव, वरून दिसणारा अष्टकोन, आणि अष्टकोनाला जोडलेली पायऱ्यांची लांबट बाजू. ४ वर शिलालेख. ५ ते ७ मध्ये पायऱ्यांवरून खाली उतरणं. महाल आणि शिल्पं या उतरण्यातच भेटू देत, त्यांना वेगळं प्रकरण नको. ८ ते १३ मोट. १४ वर आमराई. आंब्याच्या ३३०० झाडांना इथून पाणी जायचं असं सांगतात, तर तू 'सांगतात' हाच शब्द वापर. १५ ते १८ मध्ये तू केलेली मोजमापं आणि नकाशे. १९ आणि २० आजची विहीर.

शिलालेखाच्या मजकुराकडे जरा बघ. तू लिहिलंयस: 'श्रीमंत सौ. विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ म्हणजेच इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधकाम पूर्ण केलं.' मोठ्याने वाचून बघ. चार आकडे नुसते उच्चारण्यातच अर्धी स्लाइड संपते, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही. आकडा डोळ्यांसाठी असतो. शिलालेखाच्या फोटोवर कोपऱ्यात '१७१९–१७२४' एवढंच छाप. तोंडाने म्हण: 'ही विहीर एका बाईने बांधवली, विरूबाई भोसल्यांनी. पाच वर्षं काम चाललं होतं.' शक आणि सन यांचा हिशेब कोणाला हवा असेल तर तो नंतर चहाच्या वेळी विचारेल.

आता मोट. तुझ्या सभागृहातल्या बहुतेकांनी चालती मोट पाहिलेली नसेल, त्यामुळे व्याख्यानाचा भार इथेच आहे. तू एका स्लाइडवर जुना फोटो लावून त्यावर सात बाण आणि सात नावं टाकलीस. वीस सेकंदांत माणूस एक तर वाचतो, नाही तर ऐकतो. सात नावं वाचायला लागला की तुझा आवाज त्याच्यापुरता बंद झाला.

त्याऐवजी विहिरीचा एकच उभा छेद काढ आणि तोच ८ पासून ११ पर्यंत चार स्लाइडवर ठेव. चित्र तेच, चौकट तीच, फक्त दर वेळी एक भाग गडद आणि बाकी फिकट. ८ वर चामड्याची मोट आणि पाणी. ९ वर चाक, त्यावरून जाणारा नाडा, आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला सोंदूर. १० वर बैल आणि धाव. ११ वर थारोळं आणि तिथून निघणारा पाट. डोळ्याला चित्र नव्याने समजून घ्यावं लागत नाही, त्यामुळे कान मोकळा राहतो. चार स्लाइड एकसारख्या दिसतील म्हणून घाबरू नकोस. छेद मात्र स्वतः काढ, आणि रेघा जाड ठेव. शेवटच्या रांगेतून पातळ रेघ दिसत नाही.

१० व्या स्लाइडचं बोलणं मी नमुन्याला लिहून बघितलं: 'बैल उतारावरून खाली चालले की नाडा ओढला जातो आणि मोट वर येते. बैलांच्या चालण्याची ही जागा म्हणजे धाव. पाणी जितकं खोल, तितकी धाव लांब.' चोवीस शब्द. सावकाश बोललीस तर तेरा-चौदा सेकंद जातील. उरलेल्यात लोक छेदाकडे बघतील आणि तू श्वास घेशील. तुझ्या मूळ मजकुरात याच जागी साठ शब्द होते. मराठीत साध्या वेगाने वीस सेकंदांत चाळीसच्या आसपास शब्द मावतात, आणि आपले शब्द प्रत्ययांनी लांब झालेले असतात हे धरून मी कागदावर तीसच्या वर जाणार नाही. तुझा स्वतःचा वेग मोबाईलवर मोजून घे; माझा आकडा प्रमाण मानू नकोस.

धावेच्या त्या शेवटच्या वाक्यातून १२ वी स्लाइड आपोआप निघते. एका मोटेला एवढी लांब धाव लागते, तर बारा मोटांना काठाभोवती किती मोकळी जमीन लागत असेल? इथे तुझा वरून काढलेला नकाशा लाव आणि प्रत्येक मोटेमागची धाव रंगाने भर. विहीर खाली जेवढी खोल आहे, तेवढीच वर ती आजूबाजूच्या रानात पसरलेली आहे, हे त्या एका चित्रात दिसेल. माझ्या मते तुझ्या सगळ्या व्याख्यानातली ही सर्वांत मोलाची स्लाइड, आणि तुझ्या यादीत ती नव्हतीच. १३ वर मग तो जुना प्रश्न: नाव बारामोटेची, पण मोटांसाठी जागा पंधरा असल्याचं सांगतात. असं का, याचं उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नकोस. प्रश्न विचार आणि पुढे सर.

मजकूर लिहिताना एक काळजी घे. प्रत्येक स्लाइडचं पहिलं वाक्य त्या चित्राशिवाय अपुरं वाटेल असं हवं, आणि शेवटचं वाक्य गाळलं तरी काही बिघडू नये असं. ती गाळता येणारी वाक्यं कागदावर कंसात टाक. मागे पडलीस की कंस सोडायचा आणि नव्या चित्राच्या पहिल्या वाक्यावर उडी मारायची. 'आता आपण पुढच्या स्लाइडवर बघू या' किंवा 'इथे तुम्हाला दिसतंय की' ही वाक्यं फुकटची. चित्र दिसतंच आहे. 'अरे, पुढे गेली वाटतं' हे तर कधीच म्हणू नकोस. त्यात तीन सेकंद जातात आणि लोक विहीर सोडून घड्याळ बघायला लागतात.

मागे पडल्याचं बोलताना कळत नाही. तालमीत आवाज रेकॉर्ड कर, मग तो ऐकत स्लाइड पुन्हा चालव. ज्या क्षणी चित्र पायऱ्यांचं आणि आवाज अजून शिलालेखाचा, तिथे चिठ्ठीवर फुली मार. एखादीच फुली असेल तर त्या स्लाइडचा मजकूर काप. ओळीने तीन-चार फुल्या आल्या तर दोष बहुधा पहिल्या फुलीच्या आधीच्या चिठ्ठीत असतो. तिच्यात दोन स्लाइडचा ऐवज कोंबलेला असतो. तिला आणखी एक चिठ्ठी दे, आणि ती मोजमापांच्या चारांतून काढ. मोटेच्या सहा चिठ्ठ्यांना हात लावू नकोस. शिवाय तीन खुणा पाठ असू देत: सहावी स्लाइड १ मिनिट ४० सेकंदांना लागते, अकरावी ३ मिनिटं २० ला, सोळावी बरोबर ५ मिनिटांना. म्हणजे पडदा नसतानाही, बसमध्ये उभ्या उभ्या तालीम करता येते.

राहिलं कॉम्प्युटरचं. पॉवरपॉइंटमध्ये Transitions मध्ये जाऊन On Mouse Click ची खूण काढ, After मध्ये 00:20.00 भर आणि Apply To All दाब. सरकण्याचा परिणाम त्याआधीच None ठेव, नाहीतर प्रत्येक स्लाइडमागे थोडा थोडा वेळ वाढून तुझ्या खुणा चुकतील. स्लाइडच्या आत हलणारं काहीही नको. गडद-फिकट करायचं ते वेगवेगळ्या स्लाइडनेच. आणि जे मराठी शब्द चित्रावर असतील ते चित्राचाच भाग करून टाक. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तुझा फॉन्ट नसला तर दुसराच लागतो, ओळी सरकतात, कधी जोडाक्षरं फुटतात. 'थारोळं' हा शब्द आधीच लोकांना नवा, त्यात तो तुटका नको.

कार्यक्रमाच्या दिवशी आयोजकांच्या मशीनवर सगळी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघ, पहिल्या दोन स्लाइड बघून उठू नकोस. कुठल्यातरी एका स्लाइडला वेळ लावायचा राहून जातो आणि ती तशीच अडकून बसते.

रविवारी संध्याकाळी फोन कर. चिठ्ठ्या समोर मांडून बस, मी इकडे घड्याळ लावतो. १५ ते १८ मधल्या मोजमापांचं काय करायचं यावर आपलं भांडण होणार आहे, तेव्हा ते नकाशे आधी पाठवून ठेव. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा