पाच वेळा छापा पडला, म्हणून सहावा काटा?

९ मार्च २०२५ ला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलमध्ये रोहित शर्मा नाणेफेक हरला. वनडेत कर्णधार म्हणून त्याची ही सलग बारावी हार. वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराने १९९८-९९ मध्ये केलेल्या नकोशा विक्रमाशी त्याने बरोबरी केली. पुढे भारताने सामना जिंकला, करंडकही आणला आणि रात्री गल्लोगल्ली फटाके वाजले. चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यातल्या सीएनसी ऑपरेटरला मात्र सामना सुरू होण्याआधीच घाम फुटला होता. त्याचे आठ हजार रुपये टॉसवर लागले होते.

त्याचे नाव इथे नको. पण आपला हिशेब तो आता नव्या पोरांना स्वतःहून सांगतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२३ मधल्या अहमदाबादच्या विश्वचषक फायनलपासून भारत वनडेत टॉस हरत आला होता. तो एक, मग दक्षिण आफ्रिकेत तीन, श्रीलंकेत तीन आणि घरच्या मैदानांवर इंग्लंडविरुद्ध तीन. चॅम्पियन्स ट्रॉफी सुरू होण्याआधी असे दहा झाले. ‘‘मी म्हटलं, दहा झाले. आता किती हरणार? कधीतरी फिरेलच की,’’ तो सांगतो. बांगलादेशच्या सामन्याला त्याने पाचशे लावले. गेले. पाकिस्तानला हजार, न्यूझीलंडला दोन हजार, सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार हजार आणि फायनलला आठ हजार. भारताने त्या स्पर्धेतले पाचही सामने जिंकले, पण टॉस पाचही हरले. एकूण साडेपंधरा हजार बुडाले, त्यातले निम्म्याहून जास्त हातउसने घेतलेले.

त्याला वेडा म्हणायची घाई कुणी करू नये. टपरीवर त्या दिवसांत ‘आज तर टॉस आपलाच’ म्हणणारे ढिगाने होते. फरक इतकाच की त्यांनी चहाचे पैसे लावले आणि याने पगार लावला.

त्याचा तर्क नेमका कुठे घसरतो हे कागदावर स्वच्छ दिसते. नाणे सहा वेळा उडवले तर छापा-काट्याच्या एकूण ६४ लडी होऊ शकतात, आणि नाणे सरळ असेल तर प्रत्येक लड सारखीच शक्य असते. त्यातल्या पहिले पाचही छापा असलेल्या लडी किती? फक्त दोन. एक छापा-छापा-छापा-छापा-छापा-छापा, दुसरी पाच छापा आणि शेवटी काटा. पाच छापा पडून गेले याचा अर्थ उरलेल्या ६२ लडी बाद झाल्या आणि आपण या दोघींपैकी एकीवर उभे आहोत. दोघींचे वजन सारखे, म्हणजे सहाव्या वेळी काट्याची शक्यता निम्मी, आणि छाप्याचीही निम्मीच. सलग सहा छापा दुर्मीळ हे खरे, चौसष्टात एक. पण पाच छापा आणि मग काटा हीदेखील चौसष्टात एकच. आपल्या डोळ्याला पहिली लड विचित्र दिसते आणि दुसरी ‘नैसर्गिक’ वाटते. सगळा घोळ या दिसण्यात आहे.

टॉसमध्ये एक कर्णधार नाणे उडवतो आणि दुसरा बोलतो. त्यामुळे भारत हरला म्हणजे दर वेळी छापाच पडला असे नाही. गणिताला त्याने काही फरक पडत नाही. कुणीही बोलो, काहीही बोलो, हरण्याची शक्यता निम्मीच राहते.

रोहितच्या या ‘पनवती’च्या काळात आणखी एक गंमत घडत होती. २९ जून २०२४ ला ब्रिजटाऊनला टी-२० विश्वचषकाच्या फायनलचा टॉस त्यानेच जिंकला होता. ऑक्टोबरमध्ये बंगळुरूच्या कसोटीतही न्यूझीलंडविरुद्ध टॉस जिंकून त्याने फलंदाजी घेतली आणि भारताचा डाव ४६ धावांत आटोपला. म्हणजे सलग हारीची लड दिसते ती आपण फक्त वनडेचे सामने वेचून एका ओळीत मांडले म्हणून. कसोटी आणि टी-२० मध्ये मिसळा, लड तुटते. आज वनडे आहे की टी-२० हे नाण्याला ठाऊक नसते, मग मागचे दहा टॉस कुठून लक्षात राहणार?

‘पण शेवटी निम्मे-निम्मे होतेच ना?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो बरोबरच आहे. फक्त ते कसे होते याची कल्पना चुकीची असते. लोकांना वाटते की जास्तीचे पाच छापा फेडायला पुढे जास्तीचे काटे यावे लागतात. प्रत्यक्षात काहीच फेडले जात नाही. पाच छापा पडल्यावर आणखी हजार वेळा नाणे उडवा. त्या हजारांत साधारण पाचशे छापा अपेक्षित, आधीचे पाच धरून १,००५ पैकी ५०५. टक्केवारी होते ५०.२५. सुरुवातीला शंभर टक्के असलेले प्रमाण पन्नासच्या जवळ आले, पण पाचाची आघाडी जिथल्या तिथे आहे. मोठ्या संख्येत ती विरघळली, इतकेच. दहा-वीस टॉसच्या हिशेबात हे विरघळणे कुणाच्या खिशाला उपयोगी पडत नाही.

आता कारखान्यातली बाजू. याच ऑपरेटरचे रोजचे काम शाफ्ट टर्न करायचे. ठरावीक वेळाने काही नग मोजायचे आणि सरासरी कंट्रोल चार्टवर मांडायची. मधली रेघ म्हणजे अपेक्षित माप, तिच्या वर-खाली ठिपके. ठिपके सलग एकाच बाजूला पडू लागले की क्वालिटीवाला येऊन उभा राहतो. अनेक ठिकाणी आठ सलग ठिपक्यांचा नियम असतो. प्रक्रिया ठीक असेल तर ठिपका रेघेच्या वर की खाली हे जवळपास नाणेफेकीसारखेच असते आणि ठरलेले आठ ठिपके सलग एकाच बाजूला पडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. इतके दुर्मीळ घडले तर निव्वळ योगायोग मानून सोडायचे नाही, कारण शोधायचे. बाहेरचा व्यास वाढत चालला असेल तर बहुधा इन्सर्ट झिजलेला असतो. तो बदला किंवा ऑफसेट द्या.

फायनलनंतर पहिल्या शिफ्टला त्याच्या क्वालिटी इन्स्पेक्टरने त्याला याच चार्टवर धरले. ‘‘का रे, पाच शाफ्ट सलग मोठे आले तर सहावा आपोआप बारीक येईल म्हणून तू मशीन तशीच चालवतो का?’’

‘‘नाही सर. रिजेक्शन येईल.’’

‘‘मग टॉसला कामून चालवलं?’’

त्या इन्स्पेक्टरच्या प्रश्नात अर्ध्या पुस्तकाइतके शहाणपण आहे, असे माझे मत. सलग एकाच बाजूचे निकाल आले तर विचार करण्यासारख्या दोनच गोष्टी असतात. एक, मागच्या निकालाचा पुढच्यावर परिणाम करणारे काही तिथे आहे का? मशीनमध्ये असते, कारण झिजलेले टूल झिजलेलेच राहते. हवेत फिरणाऱ्या नाण्यात असे काही साठत नाही. दोन, नाणेच खोटे आहे का? ‘शोले’तल्या जयचे नाणे दोन्हीकडून सारखे होते. तसा संशय घ्यायला जागा असेल तर पाच छाप्यांनंतर सहाव्यालाही छापाच जास्त शक्य ठरतो. म्हणजे नाणे सरळ असो वा खोटे, ‘आता काटा यायला झाला’ या निष्कर्षाला कुठूनच वाट जात नाही.

दुप्पट लावत गेलो तर एक ना एक दिवस सगळे वसूल होईल, ही या तर्काची धाकटी बहीण. तिचाही हिशेब त्याने नंतर स्वतः मांडला, कारण भारताची लड दुबईत संपलीच नाही. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात शुभमन गिल तीनही टॉस हरला, मग रांची आणि रायपूरला के. एल. राहुल दोन. अखेर ६ डिसेंबर २०२५ ला विशाखापट्टणमला, सलग वीस हरल्यावर, राहुलने टॉस जिंकला. पाचशेपासून दुप्पट करत हा गडी तिथवर टिकला असता तर रायपूरपर्यंत त्याचे ५ लाख ११ हजार ५०० रुपये गेले असते आणि विशाखापट्टणमला त्याला ५ लाख १२ हजार लावावे लागले असते. शंभराला शंभर मिळाले असते तर सगळ्या खटाटोपाची कमाई पाचशे रुपये. घेणारा शंभराला नव्वदच देत असेल, तर जिंकूनही ५० हजार ७०० चा तोटा. पाच लाखांची बाजी लावायला ऑपरेटरकडे पैसे कुठून येणार, हा प्रश्न वेगळाच.

सलग वीस हारी म्हणजे दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांत एक, असे आकडे त्या वेळी मोबाइलवर फिरत होते. आकडा बरोबर आहे, पण तो पहिल्या टॉसच्या आधीचा. एकोणीस हरून झाल्यावर विसावा हरण्याची शक्यता निम्मीच उरते.

ज्याला हे पटत नाही त्याने वाद घालू नये, नाणे घ्यावे. दोनशे वेळा उडवून निकाल ओळीने लिहा. सलग तीन छापा आले की त्यापुढच्या निकालाला गोल करा. साधारण पंचवीस गोल मिळतील. त्यांत काटे निम्म्याच्या आसपास निघतील, कधी दहा, कधी पंधरा. कुणाकडे काटे थोडे जास्त आलेच, तर आणखी दोनशे उडवून दोन्ही वह्यांतले गोल एकत्र मोजा. आणि त्या दोनशेत पाच सलग सारख्या निकालांची लड जवळजवळ हमखास सापडेल. नाणे न उडवता मनाने दोनशे निकाल लिहायला सांगितले तर मात्र बहुतेक लोक इतक्या लांब लडी लिहायला कचरतात. त्यामुळे मनाने भरलेली वही लगेच ओळखू येते.

घरात कुणी टॉसवर पैसे लावत असेल तर ‘जुगार वाईट’ हे प्रवचन तो आधीच ऐकून चुकलेला असतो. त्याला ही वही करायला लावा, आणि आजवर दर वेळी किती लावले तेही शेजारी लिहायला सांगा. गेलेले पैसे भरून काढायला नवे उसने देऊ नका. आणि एक गोष्ट दोघांनीही लक्षात ठेवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत हरलेले पैसे वसूल करायला समोरच्याला कोर्टात दावा लावता येत नाही, आणि जिंकलेले मागायला तुम्हालाही नाही.