सोनईत बदली झाली. आधी घर की आधी अकरावी?

मुळा सहकारी साखर कारखान्यात किंवा मुळा एज्युकेशन सोसायटीत नेमणूक झाली की नवीन कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, "सोनईत भाडं किती पडेल?" मी उलट विचारतो, "मुलगी कितवीत आहे?" घर कुठे घ्यायचं ते तिच्या इयत्तेवर ठरतं, भाड्यावर नव्हे.

दहावी किंवा बारावीचं वर्ष असेल, तर मधेच शाळा बदलू नका. वडिलांनी एकट्यानं रुजू व्हावं, बाकीच्यांनी परीक्षेनंतर यावं. अकरावीला मात्र बदल सोपा आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात, त्यामुळे नेवासे तालुक्यातल्या महाविद्यालयांसाठीही तोच अर्ज भरावा लागतो. पसंतिक्रमात एक ते दहा महाविद्यालयं देता येतात. इथेच पालक चुकतात. बदलीची खात्री नाही म्हणून जुन्या गावाचं महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकतात आणि सोनईचं खाली. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. बदलीचा आदेश हातात असेल, तर सोनईच वर लिहा. मूल आठवी-नववीत असेल, तर आणखी एक गोष्ट बघा. अकरावीच्या दहा टक्के जागा त्याच संस्थेच्या आवारातल्या शाळेतल्या मुलांसाठी राखीव असतात. त्यामुळे शाळा निवडताना तिथेच कनिष्ठ महाविद्यालय आहे का, हेही विचारून घ्या.

सोनईत कृषी महाविद्यालय आहे आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ शेजारच्या तालुक्यात आहे. ज्याला शेतीशास्त्राकडे जायचंय, त्याला बारावी विज्ञान आणि सीईटी दोन्ही लागतात. तेव्हा अकरावीत क्लासचा प्रश्न येतोच, आणि तिथून घराचा हिशेब सुरू होतो.

समजा, गावात बसथांब्याजवळ दोन खोल्या ४,००० रुपयांना मिळतात आणि चार किलोमीटरवरच्या वस्तीवर २,५०० ला. दीड हजार वाचले असं वाटतं. क्लासला सोडायला जाऊन येणं आणि परत आणायला जाऊन येणं, म्हणजे दिवसाला १६ किलोमीटर. २६ दिवसांचे ४१६. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला नऊ-सव्वानऊ लिटर पेट्रोल लागतं. १०५ रुपयांच्या भावानं साडेनऊशेच्या पुढे गेलं. उरले पाचशे, आणि त्यासाठी आईची किंवा वडिलांची रोजची संध्याकाळ गेली. शिवाय डिसेंबरात सहा वाजताच अंधार होतो, दोन्ही बाजूंना ऊस असतो, आणि या भागात बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही. मी गावातलंच घर घ्यायला सांगतो.

सोनई राहुरी आणि घोडेगाव यांच्या मधे आहे. राहुरीला नगर-मनमाड रस्ता, घोडेगावला नगर-संभाजीनगर रस्ता. नगर गाठायला दोन्ही वाटा चालतात. घोडेगावचा कांद्याचा आणि जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. रोजचा भाजीपाला गावात मिळतो. शनिशिंगणापूर पाच-सहा किलोमीटरवर असल्यानं शनिवारी, त्यातही शनी अमावस्येला, शिर्डीकडून येणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरतो. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. नगरला शनिवारी परीक्षा असेल, तर एरवीपेक्षा तासभर आधी निघा. रेल्वेसाठी राहुरी किंवा नगर गाठावं लागतं.

दवाखान्याबद्दल एवढंच: साध्या तापाला गावात डॉक्टर आहेत, मोठ्या तपासण्यांना नगर. पण उसाच्या पट्ट्यात राहायचं, तर आल्या आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री कोण असतं, ते विचारून या. १०८ चा नंबर भिंतीवर लिहा.

धाकटं मूल पहिलीत जाणार असेल, तर भाडेकरार हाच त्याचा कळीचा कागद. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी घरापासून शाळेचं अंतर बघतात: एक किलोमीटरच्या आत, मग तीनपर्यंत, मग पुढे. भाड्यानं राहणाऱ्याकडे पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत करार असावा लागतो, तोही अर्जाच्या आधीचा. नोटरीचा स्टॅम्पपेपर चालत नाही. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, पण खेड्यात "आपल्यात कशाला कागद?" म्हणून ती टाळली जाते, आणि अर्जाच्या वेळी पालक हात चोळत बसतात. खोली बघायला जाल, तेव्हा भाडं विचारण्याआधी कराराचं विचारा. मालक नोंदणीला तयार नसेल, तर खोली कितीही स्वस्त असो, दुसरी बघा.