तुंबलेल्या गटाराची तक्रार : पत्रलेखनाचा एक पाठ

इयत्ता सातवीच्या मुलांस 'गटार तुंबल्याबद्दल नगरपरिषदेस पत्र लिहा' असे सांगितले, तर बहुतेक वह्यांत पुढील धर्तीचा मजकूर आढळतो : 'आमच्या भागात फार घाण झाली आहे. दुर्गंधी असह्य झाली आहे. नगरपरिषदेचे मुळीच लक्ष नाही. तरी त्वरित योग्य ती कारवाई करावी.' यात व्याकरणाची चूक नाही. पण हे पत्र हाती घेऊन निघालेल्या कामगारांस कोठे जावयाचे व काय काढावयाचे, हे कळत नाही. पाठाचा आरंभ या उणिवेपासून करावा.

त्यासाठी पत्राचा कचेरीतील प्रवास मुलांस प्रथम सांगावा. पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जाते, परंतु ते आधी आवक कारकुनाच्या हाती पडते. तो वरची 'विषय' ही ओळ वाचून ते कोणत्या विभागाचे हे ठरवितो. 'घाणीबाबत' या शब्दावरून त्यास फारसा बोध होत नाही. 'सार्वजनिक गटार तुंबल्याबाबत' असे लिहिले की पत्र स्वच्छतेचे काम पाहणाऱ्या विभागाकडे जाते. तेथून ते मुकादमापर्यंत पोचते. मुकादमास ती गल्ली ठाऊक असेलच असे नाही. म्हणून मुख्य परिच्छेद त्याच्यासाठी लिहावयाचा असतो. नमुना असा :

दि. १२ जून
प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद, ......

विषय : कुंभार गल्लीतील सार्वजनिक गटार तुंबल्याबाबत.

महोदय,
कुंभार गल्लीत विठ्ठल मंदिराकडून पिठाच्या गिरणीकडे जाताना डाव्या हातास उघडे गटार आहे. गिरणीसमोर ते रस्त्याखालील मोरीत शिरते. मोरीच्या तोंडाशी गाळ व प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्यामुळे दि. ४ जूनपासून पाणी पुढे जात नाही. सांडपाणी सुमारे वीस पावले रस्त्यावर पसरले असून सार्वजनिक नळाभोवती साचले आहे.
तरी मोरी आतून मोकळी करून काढलेला गाळ त्याच दिवशी उचलून न्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, पूर्ण नाव, पत्ता)

या नमुन्यातील काही शब्दांपाशी वर्गाने थांबावे. नुसते 'रस्त्याच्या डाव्या बाजूस' लिहिले असते तर मुकादमाने विचारले असते, कोठून येताना डाव्या? दुसरा शब्द 'मोरी'. तो गाळला, तर माणसे येतात, फावड्याने उघडे गटार उपसतात आणि 'गटार साफ केले' असा शेरा लिहून जातात. शेरा खोटा नसतो, पण अडथळा मोरीत असल्याने पाणी दोन दिवसांत पुन्हा चढते. तिसरी गोष्ट गाळाची. उपसलेला गाळ काठावरच राहिला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा गटारात उतरतो. म्हणून विनंतीत दोन्ही कामे स्पष्ट मागितली आहेत.

नळाचा उल्लेख का केला, हे मुले विचारतील. नळाचे पाणी बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो; तिला कोठे गळती असल्यास भोवतालचे सांडपाणी आत ओढले जाते व त्यातून अतिसारासारखे रोग पसरू शकतात. मात्र 'नळाचे पाणी दूषित झाले आहे' असे पत्रात लिहू नये. ते तपासणीशिवाय कोणास ठाऊक नाही. डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहावे. अधिकाऱ्यास त्यातील धोका समजतो.

नगरपरिषदेस दूषणे देण्याचे कारण नाही, तशी अजिजी करण्याचेही नाही. सार्वजनिक रस्ते व गटारे साफ ठेवणे हे महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ अन्वये तिचे कर्तव्यच आहे.

पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक कचेरीत द्यावी व दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा; हीच पोच. तक्रार संगणकावरून वा भ्रमणध्वनीवरून नोंदविली तरी तिलाही क्रमांक मिळतो, तो टिपून ठेवावा. काम न झाल्यास स्मरणपत्रात विषयाखाली 'संदर्भ' म्हणून हा क्रमांक व तारीख घालावी आणि सध्याची स्थिती एका वाक्यात लिहावी : 'दि. १६ जून रोजी उघडे गटार उपसले गेले, मोरी अद्याप बंद आहे.' पहिली तक्रार पुन्हा उतरवून काढू नये. क्रमांक नसेल, तर स्मरणपत्र नवी तक्रार म्हणून नोंदले जाते आणि आधीचे दिवस मोजले जात नाहीत.

गावातील गटारासाठी हेच पत्र सरपंचांच्या नावे लिहावे. मजकुरात फरक पडत नाही. अभ्यास म्हणून मुलांनी शाळेजवळचे एखादे गटार पाहून केवळ मुख्य परिच्छेद लिहावा. मग तो ती जागा न पाहिलेल्या दुसऱ्या वर्गातील मुलाच्या हाती द्यावा. कोणास काही न विचारता तो नेमक्या जागी पोचला नाही, तर तो कोणत्या वाक्यापाशी अडखळला हे विचारून तेवढेच वाक्य पुन्हा लिहवून घ्यावे.