दूरध्वनीवर टिकणारे व्यवसायनाम

नवा व्यवसाय सुरू करताना चालू खाते उघडले जाते, ई-मेलचा पत्ता घेतला जातो आणि यूपीआय आयडी तयार होतो. बहुधा या तिन्हींवर एकच नाव असते. हे नाव फलकावर कसे शोभते याचा विचार सर्वच करतात. परंतु दूरध्वनीवरून ऐकणारा ते कसे लिहून घेईल, हा प्रश्न मात्र अनेकदा राहून जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फराळाचे पदार्थ बनविणाऱ्या एका उद्योजिकेने 'श्री विभा फूड्स फॉर यू' असे नाव ठरविले आणि ई-मेल पत्त्यासाठी shreevibhafoods4u हे अक्षररूप घेतले. आता इंदूरचा एखादा व्यापारी हे नाव केवळ ऐकून लिहू लागला, तर 'श्री'ची shree, shri आणि sri अशी तीन रूपे त्याच्यापुढे उभी राहतात. foods की food हे दोन पर्याय; 4, for आणि four हे तीन; u आणि you हे दोन. तीन गुणिले दोन गुणिले तीन गुणिले दोन म्हणजे एकूण ३६ रूपे, आणि त्यांपैकी बरोबर एकच! चुकीच्या पत्त्यावर दुसऱ्या कोणाचे खाते असेल, तर मागणीपत्र अथवा बिल सरळ त्रयस्थाच्या हाती पडते. पाठविणाऱ्याला मात्र चुकीची सूचनाही मिळत नाही.

'मग एकेक अक्षर सांगावे' हा उपाय सुचतो. पण तोही निर्दोष नाही. पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचे ध्वनी वाहून नेतो. 'स'चा सीत्कार मुख्यतः त्याहून वरच्या पट्ट्यात असल्याने 'एस' आणि 'एफ' यांतील भेद पुसट होतो. आजच्या मोबाईल संचांत अधिक रुंद पट्टा मिळू शकतो. परंतु संभाषणाच्या मार्गात एक जुना दुवा आला, तरी आवाज पुन्हा अरुंद होतो. बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरनामे तर एकाच 'ई' स्वराने संपतात. 'विभा'मधील 'व्ही' आणि 'बी' यांची अदलाबदल त्यामुळे सहज घडते.

यावर नागरी विमानवाहतुकीने १९५६ पासून आल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी निश्चित शब्दमाला स्वीकारली आहे. आपल्याकडे शहरांची नावे सांगण्याचा प्रघात आहे; मात्र तेथेही सावधगिरी हवी. बडोदा आणि वडोदरा हे एकच शहर, पण पहिल्याने 'बी' सूचित होते, तर दुसऱ्याने 'व्ही'. कलकत्ता म्हटल्यास 'सी', कोलकाता म्हटल्यास 'के'. म्हणून बेंगळुरू, विजयवाडा, चेन्नई, कानपूर अशी आद्याक्षराविषयी शंका न ठेवणारी नावे घ्यावीत.

तथापि खरा उपाय नाव ठरवितानाच करता येतो. ऐकणाऱ्याच्या परिचयाचा, एकाच प्रकारे लिहिला जाणारा शब्द स्वतःची चूक स्वतःच सुधारतो. 'मोदक' म्हणताना 'एम'ऐवजी 'एन' ऐकू आले, तरी 'नोदक' असा शब्दच नसल्याने ऐकणारा थबकतो व पुन्हा विचारतो. विशेषनामाला हे संरक्षण नसते.

मात्र दोन शब्द जोडताना सांधा तपासावा. modakkitchen मध्ये दोन k शेजारी आल्याने एक गळण्याचा संभव आहे. Modakghar मध्ये तो नाही. नावात अंक, बिंदू अथवा आडवी रेघ शक्यतो नसावी, कारण 'डॉट' हे चिन्ह की शब्द, हाही प्रश्न उद्भवतो.

नाव निश्चित करण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. तीन व्यक्तींना दूरध्वनी करावा. त्यांपैकी एक वयस्क आणि एक मराठी न बोलणारी असावी. नाव एकदाच उच्चारावे, अक्षरे सांगू नयेत आणि त्यांनी लिहिलेले रूप संदेशाने मागवावे. तिन्ही उत्तरे हवी तशी आली तरच नाव पक्के करावे. खाते, जीएसटी नोंदणी आणि छापील बिले झाल्यावर नाव बदलणे जिकिरीचे ठरते.

नाव आधीच रूढ झाले असेल, तर ते तोंडी सांगण्याऐवजी लेखी संदेश किंवा क्यूआर कोड पाठवावा. पैसे देणाऱ्यानेही यूपीआयवर रक्कम पाठविण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव वाचून पाहावे. एनईएफटी व आरटीजीएससाठीही असे नाव पडताळण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार एप्रिल २०२५ पासून उपलब्ध झाली आहे. ऐकण्यातली चूक तेथे डोळ्यांना दिसते; आणि पैसे खात्यातून जाण्यापूर्वी ती सुधारण्याची तीच अखेरची संधी असते.