तिच्या आई-वडिलांना लिहिलेलं पहिलं पत्र

मी लातूरचा, नोकरी पुण्यात. जिच्याशी लग्न करायचं मनात आहे, तिचं घर कुडाळजवळच्या एका गावात. जानेवारीत तिच्या आई-वडिलांना भेटायला पहिल्यांदा गेलो आणि परत आल्यावर त्यांना पत्र लिहिलं. ते लिहिताना जे उमगत गेलं, ते इथे मांडतो.

१. पोचल्याचा फोन वेगळा, पत्र वेगळं. घरी पोचल्याबरोबर फोन करायचाच, कारण तिकडे वाट बघत असतात. पण तो सुखरूप पोचल्याचा निरोप झाला. पत्र त्याच आठवड्यात जायला हवं. महिना उलटल्यावर गेलं तर त्यामागे काही मागणी असावी, अशी शंका येते.

२. पोस्टकार्ड नको, बंद पाकीटच हवं. गावात पोस्टमन ओळखीचा असतो आणि कार्ड कुणीही वाचू शकतं. आमचं अजून ठरलेलं नव्हतं. ते कुणाला आणि कधी सांगायचं, हे त्या घराने ठरवायचं.

३. ‘तीर्थरूप’ आपल्या आई-वडिलांसाठी असतं आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहितात, हे आजोबांनी लहानपणीच शिकवलं होतं. म्हणून सुरुवात केली, ‘ती. स्व. काका आणि काकू, सा. न. वि. वि.’ आई-बाबा म्हणण्याचा अधिकार त्यांनी द्यायचा असतो. आपण आधीच तसं लिहिलं तर त्यांना नाही म्हणायला जागा उरत नाही.

४. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कष्टांची नोंद. ‘पाहुणचाराबद्दल आभारी आहे’ हे वाक्य कुठल्याही घराला लिहिता येतं. आपल्याकडे घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत, त्यामुळे ते परकंही वाटतं. त्याऐवजी आपल्यासाठी कोणी काय केलं, ते नेमकं लिहावं. काकूंनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात, आंबोळीचं पीठ वाटून आंबवावं लागतं, वाटपासाठी खोबरं आणि कांदा भाजावा लागतो. म्हणजे मी येण्याच्या आदल्या दिवशीच त्यांचं काम सुरू झालं होतं. मी लिहिलं:

‘काकू, वाटाणे तुम्ही आदल्या रात्रीच भिजवले असणार. मी पोचण्याआधीपासून तुम्ही माझ्यासाठी राबत होता, हे जेवताना जाणवत होतं. सोलकढी पुण्यात करून पाहिली. आगळात मीठ असतं, म्हणून वरचं मीठ शेवटी चाखून घालायचं, हे तुमचं सांगणं उपयोगी पडलं.’

चव छान होती, एवढंच लिहिलं असतं तर त्यात काकू कुठेच दिसल्या नसत्या.

५. दोघांना स्वतंत्र ओळी हव्यात. नाहीतर पत्र काकांच्या नावाने जातं आणि काकू ‘सौ. काकूंनाही नमस्कार’ एवढ्यात उरकल्या जातात. काकांनी मला कलमांच्या बागेत नेलं होतं. मोहोर आला होता आणि आभाळ भरून आलं होतं. अशा हवेत तुडतुडे आणि भुरी वाढते, मोहोर गळतो, फवारणी लांबवून चालत नाही, हे त्यांनी फांदी खाली ओढून दाखवलं. त्यांना लिहिलं, ‘काका, ढग गेले का? फवारणी झाली का? आमच्याकडे सोयाबीन आणि तूर. शेंगा भरताना पाऊस लागला की बाबांचंही असंच होतं.’ बापमाणसाला कौतुकाची ओळ वाचताना अवघडायला होतं, पण बागेची चौकशी केली की ते मोकळे होतात. आजी घरात असतील तर त्यांचीही एक ओळ हवीच.

६. मागायचं काही नाही. लग्नाचा विषय, पगार, ‘मी तिला सुखात ठेवीन’ अशी वचनं या पत्रात आणू नयेत. त्यासाठी समोर बसून बोलावं लागतं, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत दोन्हीकडची मोठी माणसं लागतात. तिच्याबद्दलही मी एकच वाक्य लिहिलं: ती शब्दाला इतकी पक्की का आहे, ते तुमच्या घरी आल्यावर कळलं. पत्रासोबत भेटवस्तूही पाठवली नाही. वस्तू आली की परतफेडीचा विचार सुरू होतो.

७. पत्र एका पानाचं असावं आणि हाताने लिहिलेलं असावं.

८. पाकीट बंद करण्याआधी तिला वाचून दाखवा. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘आईलाही तुमच्याबद्दल सगळं सांगितलं’ असं वाक्य होतं. तिने ते काढायला लावलं. मुलाकडच्यांना कळलंय म्हटल्यावर काकांना लगेच पुढची बोलणी करावी लागतील असं वाटलं असतं, आणि त्यांना थोडा वेळ हवा होता. तिच्या घरात कोणती ओळ कशी वाचली जाईल, हे तिलाच ठाऊक असतं. ती काढ म्हणाली, तर ते वाक्य काढा.