शाळेचं पत्र: काय झाकायचं, काय सांगायचं?

प्रश्न : मी मार्केट यार्डात भुसार विभागात हमाली करतो. सातवीतल्या माझ्या मुलाचा डबा मधल्या सुट्टीत काही मुलं हिसकावत आणि त्याला माझ्या कामावरून चिडवत. मी लेखी तक्रार केली. शाळेचं उत्तर आलं : ‘चौकशी पूर्ण झाली असून योग्य ती कार्यवाही केली आहे. गोपनीयतेमुळे तपशील देता येत नाही.’ एवढ्यावर गप्प बसायचं का?
– एक पालक, मार्केट यार्ड, पुणे

उत्तर : गोपनीयता दुसऱ्या मुलाची असते, तुमच्या मुलाच्या सुरक्षिततेची नव्हे. शाळेने या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंडाळल्या आहेत. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार चौकशीत आलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा इतर तपशील प्रसिद्ध करता येत नाही, आणि हे संरक्षण पीडित व साक्षीदार मुलांनाही आहे. शाळेची अंतर्गत चौकशी या कलमात बसते का, यावर वाद घालता येईल. पण शाळेने तोच दंडक पाळणं शहाणपणाचं. नाव गाळून ‘तिसऱ्या बाकावरचा, व्हॅनने येणारा’ असं लिहिलं, तरी वर्गाला कळायचं ते कळतंच. म्हणून त्या मुलांना काय शिक्षा झाली, हे शाळेने सांगितलं नाही तर ते चूक नाही.

मात्र तुमच्या तक्रारीत तथ्य आढळलं की नाही, हे सांगितल्याने कुणाचीच ओळख उघड होत नाही. पत्र असं असायला हवं होतं : ‘डबा हिसकावल्याची व चिडवल्याची तक्रार खरी आढळली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात शिक्षकांची देखरेख राहील, आपल्या पाल्याची बसण्याची जागा त्याच्याशी बोलून ठरवू, पुन्हा त्रास झाल्यास वर्गशिक्षकांना त्याच दिवशी कळवा, आणि महिन्याभराने आपल्यासोबत आढावा घेऊ.’ यात नाव एकही नाही, तरी प्रत्येक गोष्ट घडते की नाही हे तुम्हाला पडताळता येतं.

शिक्षा कळल्याशिवाय विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण शिक्षा कळली तरी उद्या त्रास थांबेलच असं नाही. थांबला का, हे मधल्या सुट्टीतच दिसेल. लेखी कबुली दिली तर अंगाशी येईल, अशी भीती काही संस्थाचालकांना वाटते. मला ती उलटी वाटते : पुढे प्रकरण वाढलं तर काय पावलं उचलली, याचा शाळेकडे दुसरा कागद कोणता असणार?

त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, तर मात्र गोपनीयतेच्या नावाखाली तो शाळेत मिटवता येत नाही. पोक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी विचारा : तक्रारीत तथ्य आढळलं का, माझ्या मुलासाठी काय व्यवस्था केली, आढावा कधी? प्रतीवर पोच घ्या. उत्तर टाळलं तर तीच प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. त्या मुलांची नावं अर्जात द्या, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका.