पन्नास टक्के कुठवर, तीस टक्के कधीपासून

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, ऑफिसातला एक माणूस म्हणाला पगाराच्या निम्मं मिळेल, दुसरा म्हणाला तीस टक्के. खोटं कोण बोलतंय?" कुणीच नाही. दोघंही अर्धं सांगतायत. माझी सगळी नोकरी टपाल खात्याच्या पेन्शन शाखेत झाली, त्यामुळे मी तुला सगळं सांगते. कागद-पेन घे आणि मधेमधे रडू आलं तर रड, मी थांबते.

तुझ्या घरचे नोकरीत असतानाच गेले. ते 2004 च्या आधी लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनीतले. अशा माणसाच्या बायकोला केंद्र सरकारच्या नियमानं फॅमिली पेन्शन मिळते. तिचा नेहमीचा दर शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. पण सुरुवातीची काही वर्षं हाच दर पन्नास टक्के असतो, त्याला कागदावर वाढीव दर म्हणतात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ही वाढीव मुदत दहा वर्षांची. पूर्वी ती सात होती. सहाव्या वेतन आयोगानंतर, 1 जानेवारी 2006 पासून, ती दहा झाली. म्हणून जुनी मंडळी अजून "सात वर्षं" असं सहज बोलून जातात. ऐकून घे, पण मनावर घेऊ नकोस.

आता "पगार" म्हणजे कोणता ते नीट समजून घे, कारण गोंधळ इथेच होतो. खात्यात जमा होत होती ती रक्कम नाही. महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, प्रवास भत्ता नाही. फक्त मूळ वेतन, पगारपत्रकात 'बेसिक' म्हणून असतं ते. तुझ्या घरचे पोस्टल असिस्टंट होते आणि बेसिक 52,000 होतं, असं तू सांगितलंस. त्याचे निम्मे 26,000. तीस टक्के म्हणजे 15,600. या दोन्ही आकड्यांवर महागाईची वाढ वेगळी मिळते, ती वर्षातून दोनदा जाहीर होते.

एक गोष्ट लक्षात ठेव. शेवटच्या महिन्यांत ते आजारी होते, अर्धपगारी रजा पडली होती ना? मग शेवटची पगाराची चिठ्ठी बघून घाबरू नकोस, तिच्यावर निम्माच आकडा असेल. पेन्शनचा हिशेब त्या निम्म्यावर होत नाही. रजेवर नसते तर जो पगार मिळाला असता, तो धरतात. बिनपगारी रजा असेल तर रजेवर जाण्याआधीचा. ऑफिसातल्या पेन्शन कागदांत "शेवटचे वेतन" या रकान्यात 52,000 च हवं. 26,000 दिसलं तर सही करण्याआधी थांब आणि तिथल्या तिथे विचार. कारण त्या एका आकड्यावर पुढचं सगळं उभं आहे; तो चुकला की पन्नास टक्के 13,000 होतात आणि मग दुरुस्तीची पत्रं फिरत बसतात.

तारखाही बघ. ते 14 ऑगस्ट 2025 ला गेले. फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासून, 15 ऑगस्टपासून सुरू होते. दहा वर्षं 14 ऑगस्ट 2035 ला पूर्ण. तोपर्यंत 26,000, आणि 15 ऑगस्ट 2035 पासून 15,600. मंजुरी यायला वेळ लागला तरी मुदत मृत्यूच्या तारखेपासूनच मोजतात. मधला थकलेला पैसा एकदम मिळतो, पण मुदत काही पुढे सरकत नाही.

आणि ही मुदत तुझ्या एकटीची नाही, सगळ्या कुटुंबाची आहे. तुला उद्या काही झालं, देव करो आणि न होवो, तर पेन्शन मुलांकडे जाईल आणि त्या दहातली उरलेली वर्षं त्यांना पन्नास टक्क्यांनीच मिळतील. नव्यानं दहा मोजत नाहीत.

आता काकूंचं ऐक, म्हणजे तुझ्या आणि त्यांच्या कागदातला फरक कळेल. काका 30 जून 2020 ला साठ पूर्ण करून निवृत्त झाले, बेसिक तेच 52,000, पेन्शन 26,000. त्यातले चाळीस टक्के त्यांनी विकले, म्हणजे कम्युटेशन केलं, आणि एकरकमी पैसे घेतले. त्यामुळे हातात दरमहा 15,600 आणि महागाईची वाढ यायची. 2024 च्या सप्टेंबरात काका गेले आणि काकूंच्या खात्यात 26,000 प्लस महागाई येऊ लागली. काकू मला म्हणाल्या, "हे काहीतरी चुकून जास्त येतंय गं, बँक उद्या मागे घेईल." चुकून नाही. विकलेल्या हिश्श्याची कपात पेन्शनरबरोबरच संपते. फॅमिली पेन्शन त्यामुळे कमी होत नाही.

पण काकूंची पन्नास टक्क्यांची मुदत मात्र तुझ्यासारखी दहा वर्षांची नाही. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर नियम असा: मृत्यूपासून सात वर्षं, किंवा गेलेल्या माणसाला सदुसष्ट पूर्ण झाली असती ती तारीख, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. काकांचा जन्म जून 1960 चा, म्हणजे सदुसष्ट जून 2027 मध्ये. सात वर्षं मोजली तर सप्टेंबर 2031. जून 2027 आधी येतो, म्हणून काकूंना वाढीव दर तीन वर्षंही पुरता मिळणार नाही. नीट पाहिलंस तर साठीला निवृत्त झालेल्या माणसाच्या बाबतीत सात वर्षांचा नियम जवळजवळ कामालाच येत नाही, सदुसष्टचीच तारीख लागू होते. सात वर्षं खरी लागतात ती लवकर, स्वेच्छेनं निवृत्त होऊन कमी वयात गेलेल्यांच्या घरच्यांना. आणि काका अडुसष्टाव्या वर्षी गेले असते तर काकूंना पहिल्या दिवसापासून तीस टक्केच. शिवाय निवृत्तीनंतरच्या मृत्यूत वाढीव रक्कम गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या मंजूर पेन्शनपेक्षा जास्त होत नाही.

तुझ्या बाबतीत सदुसष्टची अट मुळीच नाही. नोकरीतला मृत्यू, दहा वर्षं, वयाचा प्रश्न नाही. हे मी तुला इतकं ठासून सांगते, कारण चुका बहुतेक इथेच होतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचा नवरा नोकरीत असतानाच गेला होता, तरी एका बँकेनं सदुसष्टच्या हिशेबानं त्यांची पेन्शन मुदतीआधीच खाली आणली. दुसऱ्या एकींचं उलट झालं. त्यांचा दर वेळेवर कमीच झाला नाही. दोन वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि जास्त गेलेले पैसे हप्त्याहप्त्यानं कापायला सुरुवात झाली. हा दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण तोवर पैसे खर्च झालेले असतात.

म्हणून पीपीओ हातात आली की आधी चष्मा लाव. पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये दोन्ही दर लिहिलेले असतात आणि वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत, तेही असतं. तुझ्या पीपीओत 26,000, त्यापुढे 14 ऑगस्ट 2035, मग 15,600, असं दिसलं पाहिजे. जन्मतारखेवरून काढलेली एखादी तारीख दिसली तर समज, निवृत्तीचा साचा चुकून तुला लावलाय. तेव्हा बँकेत भांडू नकोस, बँक छापील कागदाप्रमाणेच देते. ते ज्या ऑफिसात होते तिथे अर्ज दे, दुरुस्ती लेखा कार्यालयातून यावी लागते. पीपीओ बरोबर असून बँक चुकत असेल तर मात्र बँकेकडे लेखी दे आणि पोच घे.

उतार किती असतो, हेही सांगते, म्हणजे 2035 ला धक्का बसायचा नाही. सोयीसाठी महागाईची वाढ पन्नास टक्के धरू. आज 26,000 वर ती धरून 39,000 होतात, तीस टक्क्यांवर तेच 23,400. महागाईचा दर कितीही असो, पाचातले दोन हिस्से एका दिवसात जातात. वेतन आयोगानं आकडे वाढवले तरी हे प्रमाण तेच राहतं. म्हणून घराच्या कर्जाचा हप्ता ठरवताना, मुलाच्या शिक्षणाचं कर्ज घेताना 2035 नंतरची वर्षं 15,600 च्या हिशेबानं मांड. दहा वर्षांत धाकटी एकोणीस-वीसची होईल, म्हणजे नेमकं कॉलेजच्या मध्यात हे येणार. 26,000 आणि 15,600 मधला फरक 10,400 चा; आतापासून त्यातलं थोडं वेगळं टाकता आलं तर बघ. जमलं नाही तर मला सांग, ओरडणार नाही.

तुझ्या भावजयीची भीती मला कळली, "अनुकंपाची नोकरी घेतलीस तर पेन्शन बंद होईल." नाही होत. विधवेच्या स्वतःच्या कमाईनं तिची फॅमिली पेन्शन थांबत नाही, वाढीव दरही नाही. नोकरी मिळत असेल तर घे. दुसरं, जे तुला आत्ता ऐकायला नको वाटेल, पण बहीण म्हणून सांगते: उद्या कधी तू पुन्हा लग्न केलंस तर तुझी पेन्शन थांबते, पण पैसा बुडत नाही. तो मुलांकडे जातो, पंचवीस वर्षांपर्यंत किंवा त्यांचं लग्न, कमाई यातलं आधी येईल तोवर. म्हणजे मुलांच्या पोटाचं काय, या एका विचारानं कुणाला नाही म्हणू नकोस, एवढंच.

आपल्या वहिनीच्या माहेरचे राज्य सरकारात आहेत, त्यांच्या आकड्यांशी आपले जुळवू नकोस. त्यांचे नियम महाराष्ट्राचे, 1982 चे, आपले केंद्राचे. आणि पोस्टातल्या तुझ्या मैत्रिणीला सांग, तिच्या शिपाई नवऱ्याचं बेसिक 25,500 असलं तर तीस टक्क्यांनी 7,650 येतात, पण किमान 9,000 ची हमी आहे, त्याखाली जात नाही.

सोमवारी ऑफिसात जाशील तेव्हा त्यांचा मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्माचे दाखले आणि तुझ्या बँक पासबुकाची प्रत घेऊन जा. सर्व्हिस बुकात बेसिक कितीची नोंद आहे, ते स्वतः डोळ्यांनी बघायला माग. दुपारी जा, सकाळी तिथे कुणी मन लावून बोलत नाही, मला माहीत आहे, मी तिथेच बसायची.